शनिवारी क्यू रिकामा, गुरुवारी पुन्हा तुंबलेला

तक्रार दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत येते. "टीम तीच आहे, कामं तीच आहेत, लोड थोडासाच वाढलाय. मग तिकीट उचलायलाच तास-सव्वा तास का लागतोय?" मग कुणीतरी शनिवारी सगळ्यांना बोलावतं, वडापाव मागवले जातात, पेंडिंग शून्यावर येतं, सोमवार-मंगळवार बरे जातात आणि गुरुवारी परत ओरड सुरू. हे तीन-चार वेळा झालं की लोक माणसांकडे बोट दाखवू लागतात. अमुक जण हळू काम करतो, तमक्याचं लक्ष मोबाईलमध्ये असतं.

मी पाच जणांचा आयटी हेल्पडेस्क चालवतो. लॅपटॉप, व्हीपीएन, पासवर्ड, ईमेल, फोल्डरचा ॲक्सेस अशी रोजची कामं, आणि अशा प्रत्येक मागणीला आम्ही तिकीट म्हणतो. आमच्याकडे हे दुखणं जवळपास पाच महिने चाललं. शेवटी दोष सापडला, तो कुणाच्याही कामात नव्हता. त्याच रोगाची टीम तुमच्याकडे असेल तर तपासणी कुठून सुरू करायची ते लिहितोय. बिल मंजूर करणारा विभाग असो, कर्जाच्या फायली बघणारा असो की सॉफ्टवेअरमधले बग तपासणारा, कामं आपल्या मर्जीने येतात आणि ठरावीक माणसं ती एका रांगेतून उचलतात तिथे हेच चालतं.

आधी आमचे आकडे

एका तिकिटाला सरासरी २० मिनिटं लागतात. सरासरी म्हणजे काय तेही बघा: पाचातली चार तिकिटं दहा-दहा मिनिटांची आणि एक तासाभराचं. एक माणूस तासाला ३, पाच जण तासाला १५. जेवण, चहा आणि मीटिंग वगळता दिवसाचे साडेसात तास हातात राहतात, म्हणजे दिवसाची कमाल मजल ११२ तिकिटांची.

आधी दिवसाला ९० तिकिटं यायची. तिकीट आल्यापासून कुणीतरी ते उघडेपर्यंत सरासरी ११ मिनिटं जायची. मग ऑफिसचा आणखी एक मजला सुरू झाला आणि तिकिटं १०७ वर गेली. वाढ १९ टक्क्यांची. थांबण्याचा वेळ मात्र ११ मिनिटांवरून ७० मिनिटांवर गेला, सहापटीहून जास्त. आमच्या मॅनेजर बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो रास्तच होता: "१०७ ही ११२ पेक्षा कमीच आहेत ना? मग रांग लागतेच कशी?"

सगळं या प्रश्नातच आहे.

रिकामा गेलेला वेळ साठवता येत नाही

पाच माणसं क्षणभर विसरा, एकच घ्या. सगळी तिकिटंही बरोबर २० मिनिटांची धरा. सकाळी १० वाजता तो जागेवर बसला. १०.२५ पर्यंत एकही तिकीट आलं नाही. मग १०.२५ ला पहिलं, १०.२८ ला दुसरं आणि १०.३५ ला तिसरं आलं. पहिलं लगेच उचललं, ते १०.४५ ला संपलं. दुसरं १७ मिनिटं थांबलं आणि ११.०५ ला संपलं. तिसऱ्याला अर्धा तास थांबावं लागलं, ते ११.२५ ला संपलं.

आता हिशेब करा. ८५ मिनिटांत तो ६० मिनिटं कामात होता, २५ मिनिटं हातावर हात ठेवून बसला होता. तरी तिकिटं सरासरी १६ मिनिटं थांबली. तो हळू नव्हता, काम जास्तही नव्हतं. सुरुवातीची २५ मिनिटं त्याला बाजूला ठेवून १०.२८ च्या तिकिटावर खर्च करता आली असती तर दुसरं थांबलंच नसतं आणि तिसरं फक्त दहा मिनिटं थांबलं असतं. पण रिकामा वेळ काही पगाराच्या खात्यात जमा होत नाही, तो गेला की गेला. तिकिटं मात्र जमा होतात. दोन्हीकडचा हिशेब असा एकतर्फी आहे, आणि रांग त्यातूनच जन्मते.

हीच गोष्ट पुढे न्या. चौथं तिकीट ११.३० ला आलं तर रांग संपलेली असेल, पाटी कोरी. पण ते १०.५० ला आलं तर ३५ मिनिटं थांबेल. त्यामागून आलेलं पाचवं तिकीट स्वतःचं नशीब आणि चौथ्याचं नशीब अशी दोन्ही घेऊन रांगेत बसेल. लोड कमी असतो तेव्हा अशा गर्दीनंतर लवकरच एखादी मोकळी फट येते आणि रांग विरघळते. लोड जास्त असतो तेव्हा फट यायच्या आधीच दुसरी गर्दी येऊन आदळते, आणि दुपारची रांग सकाळच्या रांगेवर चढून बसते.

दवाखान्यात हा अनुभव सगळ्यांनाच आहे. सकाळी दहाला एक पेशंट अर्धा तास घेतो आणि साडेबारा वाजेपर्यंत प्रत्येक नंबर उशिरा लागत जातो. त्या पेशंटला जाऊन दोन तास झालेले असतात, पण त्याचा अर्धा तास एकाकडून दुसऱ्याकडे सरकत राहतो.

टक्के बघू नका, उरलेली मोकळीक बघा

आता परत पाच जणांकडे येऊ. माणसं तीच, तिकिटाचा वेळ तोच, फक्त येणारी तिकिटं वाढवत नेली तर सरासरी थांबण्याचा वेळ असा जातो:

| टीम किती टक्के वेळ कामात | सरासरी थांबणं |
|---|---|
| ६०% | २.४ मिनिटं |
| ७०% | ५ मिनिटं |
| ८०% | ११ मिनिटं |
| ९०% | ३० मिनिटं |
| ९५% | ७० मिनिटं |
| ९८% | ३ तास १० मिनिटं |

डावा स्तंभ वाचला की हे विचित्र वाटतं, कारण ८० आणि ९५ हे कानाला जवळजवळचे आकडे आहेत. तोच स्तंभ उलटा वाचा: मोकळीक ४०, ३०, २०, १०, ५, २. मग विचित्र काही उरत नाही. ८० वरून ९० वर गेलो म्हणजे मोकळीक निम्मी झाली. ९० वरून ९५ म्हणजे परत निम्मी. रांग विरघळवण्याचं काम ही मोकळीकच करते, त्यामुळे ती निम्मी झाली की थांबणं दुपटीहून थोडं जास्तच वाढतं. सूत्रातही भागाकार मोकळीकीनेच होतो, आणि भाजक शून्याकडे निघाला की उत्तर कुठे जातं हे शाळेतच शिकलोय.

हे सूत्र नवं नाही. टेलिफोन एक्सचेंजमध्ये किती लाईन आणि किती ऑपरेटर हवेत हा प्रश्न कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग यांच्यापुढे होता. त्यांचा पहिला निबंध १९०९ चा आणि प्रसिद्ध सूत्रं १९१७ ची. वरचा तक्ता त्यांच्याच सूत्राचा आहे. आजही कॉल सेंटरचं मनुष्यबळ बऱ्याच ठिकाणी त्याच गणितावर ठरतं. स्वतःचे आकडे घालून बघायचे असतील तर एवढं पुरे:

```python
def wait_min(per_hour, people, handle_min):
    a = per_hour * handle_min / 60
    b = 1.0
    for k in range(1, people + 1):
        b = a * b / (k + a * b)
    c = b / (1 - (a / people) * (1 - b))
    return c * handle_min / (people - a)

print(wait_min(14.25, 5, 20))
```

यातला `per_hour` म्हणजे तासाला येणारी तिकिटं, आमची १०७ भागिले साडेसात, म्हणजे साधारण १४.२५. उत्तर ७० च्या थोडं वर येतं. `a` हा `people` पेक्षा कमीच असला पाहिजे. तो बरोबरीला आला किंवा पुढे गेला तर उत्तराला काही अर्थ नाही, कारण मग रांगेला सरासरीच नसते, ती फक्त वाढत जाते.

आणखी एक खबरदारी. कामं किती बेभरवशाची आहेत यावरही थांबणं ठरतं. १९६१ साली गणितज्ञ जॉन किंगमन यांनी दिलेल्या अंदाजी सूत्रात याचा हिशेब आहे: तिकिटं येण्यातला अनियमितपणा आणि ती सोडवण्याच्या वेळेतला अनियमितपणा, या दोन्हींची सरासरी काढून थांबण्याला गुणायची. आमचं चार छोटी आणि एक मोठं हे मिश्रण योगायोगाने एर्लांगच्या गृहीतकाशी बरोबर जुळतं. तुमची सगळी कामं सारख्या लांबीची असतील तर थांबणं साधारण निम्मं निघेल. तुमच्याकडे अधूनमधून दिवसभर खाणारं एखादं काम येत असेल तर ते तक्त्यापेक्षा बरंच वाईट असेल. पण वळणाचा आकार तोच राहतो, ९० नंतर कडा चढल्यासारखा.

डॅशबोर्ड ७९% दाखवतो, मग ९५ आले कुठून?

आमचे दोन महिने इथेच वाया गेले. रिपोर्टमध्ये टीमचं युटिलायझेशन, म्हणजे किती टक्के वेळ कामात गेला तो आकडा, ७९% होतं. मॅनेजर बाई म्हणाल्या, "७९ च तर आहे, पाचवा भाग वेळ मोकळा आहे की." मलाही तेच वाटत होतं. मग मी एक दिवस एकाच्या शेजारी बसून घड्याळ लावलं.

शिफ्ट ९ तासांची. तिकिटांवर गेलेला वेळ ७ तास ८ मिनिटं. रिपोर्ट त्याला ९ ने भागत होता, म्हणून ७९%. पण जेवण आणि दोन चहा मिळून १ तास, सकाळची मीटिंग आणि हजेरी-टाइमशीट मिळून अर्धा तास. त्या दीड तासात तो तिकीट उचलूच शकत नाही. राहिले साडेसात तास. ७ तास ८ मिनिटांना साडेसातने भागलं की ९५% येतात. मोकळीक २१ टक्के नव्हती, ५ होती. तासाला प्रत्येकी ३ मिनिटं.

म्हणून पहिली तपासणी भाजकाची. ज्या वेळात माणूस खरोखर पुढचं तिकीट उचलायला मोकळा असू शकतो तेवढाच वेळ खाली ठेवा. रजा, ट्रेनिंग, दुसऱ्या टीमला मदत, सगळं वजा करा. वरच्या बाजूलाही गळती असते. तिकीट बंद केल्यावर केलेला फोन, चॅटवर "जरा बघतोस का" म्हणून आलेलं काम, तिकीट न काढता जागेवर येऊन उभा राहिलेला माणूस, हे कुठेच नोंदलं जात नाही. ते धरलं की काही टीम कागदावर ८५ आणि प्रत्यक्षात ९७ वर निघतात.

दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिला युटिलायझेशन लागतच नाही. आठवडाभर दर तासाला, कुणीही न उचललेली तिकिटं मोजा. त्यांची सरासरी भागिले तासाला येणारी तिकिटं, हे झालं सरासरी थांबणं तासांत. आमच्याकडे सरासरी १७ निघाली, भागिले १४.२५, म्हणजे १.२ तास, ७० मिनिटांच्या जवळच. सिस्टीममधला थांबण्याचा आकडा याच्याशी अजिबात जुळत नसेल तर तो आकडा खोटा आहे. बहुतेक वेळा कुणीतरी एसएलए, म्हणजे तिकिटाची ठरलेली मुदत, वाचवायला तिकीट उघडून नुसतं 'प्रगतीत' करून ठेवत असतं. आमच्याकडे असे दोघे होते. मी त्यांना काही बोललो नाही, कारण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

एक गोष्ट इथे वेगळी काढा. रात्रभरात आलेली तिकिटं सकाळी नऊला एकदम समोर उभी राहतात. ती रांग ऑफिस बंद असल्यामुळे आहे, युटिलायझेशनमुळे नाही. ती सरासरीत मिसळली तर निदान चुकतं. दुपारी तीन वाजताची रांग वेगळी बघा. तीन वाजताही १५-२० तिकिटं पडलेली असतील तर दोष हाच.

शनिवार का पुरत नाही

आता शनिवारकडे येऊ. शनिवारी पेंडिंग शून्य केलं तेव्हा आम्ही साचलेलं पाणी उपसलं, नळ तसाच. सोमवारी टीम परत ९५% वर. रांग शून्यापासून निघते, एकदम ७० मिनिटांवर उडी मारत नाही, दोन-तीन दिवस घेत तिकडे सरकते. त्या दोन-तीन दिवसांना सगळे 'आता सुधारलं' म्हणतात.

याहून फसवी गोष्ट म्हणजे ९५% वर रांग आपली आपणही खूप हलते. काहीही न बदलता एक आठवडा ३० मिनिटांचा जाऊ शकतो आणि पुढचा दोन तासांचा. चांगल्या आठवड्याच्या आधी जे केलं असेल ते औषध ठरतं, वाईट आठवड्याच्या आधी जो रजेवर गेला तो गुन्हेगार. आम्ही एकदा नवीन तिकीट-फॉर्मला श्रेय देऊन केक कापला होता. दोन आठवड्यांनी तोच फॉर्म आणि सव्वा दोन तास.

मोकळीक कमी असली की छोटा धक्काही किती दिवस अंगावर राहतो ते बघा. पाचातला एक जण एक दिवस रजेवर गेला. चार जण तासाला १२ सोडवतात, येतात १४.२५. दिवसअखेर १७ तिकिटं जास्तीची साचतात. दुसऱ्या दिवशी तो आला, आता तासाला १५. पण येणारी १४.२५ वजा केली की जुनं साचलेलं फेडायला तासाला पाऊण तिकीट उरतं. १७ तिकिटं फेडायला साडेबावीस तास, म्हणजे तीन पूर्ण दिवस. एका दिवसाच्या रजेचं कर्ज तीन दिवस फेडायचं. जुन्या ९० तिकिटांच्या काळात तासाला १२ यायची आणि चार जण १२ सोडवायचे, थोडं साचलं तरी दुसऱ्या दिवशी तासाला ३ च्या मोकळिकीने ते फिटायचं. टीम लीड मुलगी तेव्हा म्हणाली होती, "दादा, पूर्वी रजेचं कळायचंसुद्धा नाही हो." तिचं निरीक्षण बरोबर होतं.

आणि मग रांग स्वतःलाच खायला घालू लागते. तासभर थांबलेला माणूस फोन करतो, "झालं का?" दुसरा तेच तिकीट परत टाकतो. प्रत्येक तिकिटामागे अशी एक मिनिटाची भर पडली, २० ची २१ मिनिटं झाली, तर पाच जण तासाला १५ ऐवजी १४.२८ सोडवतात. येतात १४.२५. एका मिनिटाने होती नव्हती ती सगळी मोकळीक गिळली. म्हणून रांग लांबल्यावर आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिकिटावर 'तुमच्या पुढे इतकी' असा आकडा दाखवला. रांग त्याने कमी झाली नाही, विचारपूस कमी झाली.

काय केलं तर किती फरक पडतो

कडा चढताना जे वाईट, तेच उतरताना चांगलं. थोड्या बदलाला मोठं फळ मिळतं.

सहावा माणूस पूर्ण वेळ आला तर त्याच १०७ तिकिटांवर लोड ७९% होतो आणि थांबणं ७० वरून ८ मिनिटांवर येतं. क्षमता वाढली २० टक्क्यांनी, थांबणं उरलं नवव्या हिश्शाएवढं. हा आकडा मी बजेटच्या मीटिंगमध्ये दाखवला. तेव्हा समोरून आलेला प्रश्न, "म्हणजे सहाही जण २१ टक्के वेळ रिकामे बसणार?" हो. दहा मिनिटांच्या आत तिकीट उचललं जावं असं वाटत असेल तर तेवढं रिकामं बसणं विकत घ्यावंच लागतं. ते नको असेल तर सव्वा तास थांबायची तयारी ठेवा, हाही एक प्रामाणिक निर्णय आहे. पाच माणसं, ९५% काम आणि दहा मिनिटांत उत्तर हे तिन्ही एकदम मिळत नाही.

माणूस मिळाला नाही. मग तिकिटाचा वेळ. २० ची १८ मिनिटं झाली तर थांबणं १६-१७ मिनिटांवर येतं. दोन मिनिटं कुठून काढायची? "पटापट करा" म्हणून ती निघत नाहीत. उलट घाईत अर्धवट सोडवलेलं तिकीट परत उघडतं, आणि मग एकाची दोन होतात. आमची दोन मिनिटं निघाली ती माहिती मागण्यातून. लॅपटॉपचा नंबर, कुठलं सॉफ्टवेअर, एररचा फोटो हे फॉर्ममध्येच सक्तीचं केलं. ज्या फॉर्मसाठी फुकटचा केक कापला होता, तो अशा रीतीने खरोखर कामाला आला.

येणारी तिकिटं कमी करण्यात एक सापळा आहे. पासवर्ड बदलायची सोय लोकांनाच दिली आणि दिवसाची ११ तिकिटं गेली. १० टक्के तिकिटं कमी, म्हणून मी आनंदात होतो. पण ती सगळी दहा मिनिटांची होती. गेलं ११० मिनिटांचं काम, दिवसाच्या २१४० मिनिटांपैकी, म्हणजे जेमतेम ५ टक्के. लोड ९५ वरून ९० वर आला, थांबणं ३३ मिनिटांच्या आसपास. वाईट नाही, निम्म्याहून कमी. पण मी वरिष्ठांना १८ मिनिटं सांगून बसलो होतो, कारण हिशेब तिकिटांच्या संख्येवर केला होता, मिनिटांवर नाही. काय कमी करायचं ते ठरवताना मिनिटं मोजा. आमची तासाभराची तिकिटं जास्त करून नवीन लॅपटॉप लावून देण्याची आहेत. तसं दिवसाला एक जरी वाचलं तरी पासवर्डची सहा वाचल्यासारखं आहे.

एक उपाय दिसायला चांगला आणि करायला वाईट: काम वाटून देणं. "व्हीपीएन तू बघ, ईमेल तू बघ, लॅपटॉप तू." जबाबदारी ठरते, मॅनेजरना आवडतं. पण एकाच्या पाच रांगा होतात. प्रत्येक जण ९५% वर असेल तर प्रत्येक रांगेत थांबणं ३८० मिनिटं, सहा तासांच्या वर. एकाच रांगेत तेच ७० होतं. एकाकडे ढीग असताना शेजारचा मोकळा बसलेला असतो आणि त्याला ते उचलता येत नाही, एवढंच कारण. आम्ही फेब्रुवारीत हा प्रयोग नऊ दिवस केला आणि गुपचूप मागे घेतला. शक्य असेल तेवढी रांग एकच ठेवा आणि प्रत्येकाला किमान छोटी चार प्रकारची कामं येऊ द्या.

'अर्जंट' चा लाल ठिपका सरासरीला काही करत नाही. एकाला पुढे घेतलं की दुसरा तेवढाच मागे जातो, मोकळीक तीच राहते. खरंच अर्जंट तिकिटं दहातली एक असतील तर ठिपका उपयोगी, पाच असतील तर ती दुसरी रांग झाली. फोनवर चालणाऱ्या डेस्कचं थोडं वेगळं आहे. तिथे वैतागून लोक फोन ठेवतात, त्यामुळे थांबण्याचा आकडा तक्त्याइतका फुगत नाही. त्या डेस्कवर थांबण्याऐवजी सोडून दिलेले फोन मोजा, दुखणं तिथे दिसेल.

सणाच्या आठवड्यात सूत्र बाजूला ठेवा

फॉर्म आणि पासवर्ड मिळून आमचा लोड सध्या ९० च्या खाली असतो. दर सोमवारी शीटवर मी युटिलायझेशनऐवजी मोकळीक लिहितो. ती सलग दोन आठवडे १० च्या खाली गेली की नवीन लॅपटॉपचं वाटप पुढे ढकलतो, कारण तीच कामं सर्वांत मोठी आणि तीच आपल्या हातातली.

गणपतीत मात्र हे गणित चालत नाही. दोघं गावी जातात, उरतात तिघं, तासाला ९ तिकिटं. ऑफिसातही गर्दी कमी असते, तरी तासाला १० येतातच. लोड १०० च्या वर, म्हणजे एर्लांग बंद आणि साधी वजाबाकी सुरू: तासाला १ साचतं, दिवसाला साडेसात, पाच दिवसांत ३७-३८. परत आल्यावर पाच जण तासाला १५ सोडवतात, येणारी साडेतेरा धरली तर दीड उरतं. ते ३७-३८ फेडायला पंचवीस तास, म्हणजे तीन दिवस आणि वर थोडं. म्हणून दोघं सोमवारी परत आले तर गुरुवार संपेपर्यंत कुणालाही नवा लॅपटॉप मिळत नाही, आणि तसं आम्ही गणपती बसायच्या आधीच मेल करून सांगतो.